पंचसृष्टीचा तक्ता: शेवाळ नेमकं कुठल्या रकान्यात?

हार्डवेअरवाला_खानापूर

थोरली यंदा पीयूसी पहिल्या वर्षाला आहे, सायन्स. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात कॉलेज आणि सगळं इंग्रजीतून. पहिल्याच टेस्टला सजीवांचं वर्गीकरण आलं. त्यासाठी तिनं आधीच पाच रकान्यांचा तक्ता करून कपाटाच्या दारावर चिकटवला होता. पाच रंगांची स्केचपेनं, प्रत्येक रकान्यात बारा-पंधरा मुद्दे, बघणारा गार पडावा असा. पेपरात मात्र निळं-हिरवं शेवाळ वनस्पतीत टाकलं आणि यीस्ट प्रोटिस्टात. दोन्ही चूक.

तिचं म्हणणं, "बाबा, शेवाळ हिरवं असतंय, स्वतःचं अन्न स्वतः करतंय, मग वनस्पती नाही तर काय?" मला उत्तर आलं नाही. मी कॉमर्सचा, त्यातही खिळेमोळे विकणारा.

तर विचारायचं हे की डोक्यात राहील असा तक्ता करायचा कसा, आणि शेवाळाला एवढं वेगळं का काढलंय?

मोजकं_बोलतो

तक्त्याचा फोटो टाका.

कपिलेश्वर_रोड

सोपं आहे हो. आम्ही असं पाठ केलं होतं: "मोहनच्या प्रोफेसरांनी कढी वरपली प्रेमानं." मोनेरा, प्रोटिस्टा, कवकं, वनस्पती, प्राणी. तीस वर्षं झाली, अजून विसरलो नाही.

आणि शेवाळाचं म्हणाल तर तुमची मुलगी बरोबर आहे. जे उन्हात अन्न बनवतं ते वनस्पतीत, जे खातं ते प्राण्यात. सरांकडे पेपर परत नेऊन भांडा.

नार्वेकर_गल्ली

तयार तक्ते रामदेव गल्लीत मिळतात की. प्लास्टिक कोटिंगचे, खाली-वर काठी लावलेले. गणपत गल्लीतही बघा. माझ्या मुलासाठी मी मानवी हाडांचा आणलो, चांगला आहे. मुलीला कशाला रंगवत बसवताय?

मोजकं_बोलतो

त्यांना तक्ता विकत नकोय, डोक्यात हवाय.

जांबोटी_मास्तर

कपिलेश्वर रोडवाले, कढी चांगली आहे, पण तिनं फक्त नावं लक्षात राहतात. पेपरात नावं कुणी विचारत नाही. जिवाणू, बुरशी, शेवाळ समोर टाकतात आणि घर विचारतात.

चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. त्यात एक गोष्ट कळली, की पंधरा मुद्द्यांचा तक्ता मुलं पाठ करतात आणि परीक्षेत त्यातला चुकीचा मुद्दा आधी आठवतात. रॉबर्ट व्हिटेकरनं 1969 साली हे पाच गट मांडले तेव्हा तो मुळात तीनच गोष्टी बघत होता. पेशीत केंद्रक आहे का, पेशी एक की अनेक, आणि जेवण कसं. तक्ता ह्या तीन प्रश्नांचाच करा, आणि तो कागदावर नको, हातावर.

डावा पंजा उघडा. अंगठा बाकीच्या चार बोटांपासून फटकून असतो. तो मोनेरा. त्यांच्या पेशीत केंद्रकच नाही, जनुकांचा गुंता पेशीत तसाच मोकळा पडलेला. उरलेल्या चारही बोटांना केंद्रक आहे. म्हणजे पहिल्या प्रश्नालाच अंगठा सुटा झाला. तर्जनी म्हणजे प्रोटिस्टा. एक बोट दाखवलं की एक पेशी. मग राहिली तीन बोटं, तिन्ही अनेकपेशीय, आणि त्यांना वेगळं करतं ते फक्त जेवण. मधलं बोट कवक: बाहेरच अन्न विरघळवतं आणि शोषून घेतं. अनामिका वनस्पती: उन्हात बनवते. करंगळी प्राणी: गिळते.

| बोट | सृष्टी | कशावरून | जेवण | आपल्याकडचं उदाहरण |
|---|---|---|---|---|
| अंगठा | मोनेरा | केंद्रक नाही | सगळ्या तऱ्हा | दह्यातले जिवाणू |
| तर्जनी | प्रोटिस्टा | केंद्रक, एक पेशी | सगळ्या तऱ्हा | डबक्यातला अमिबा |
| मधलं | कवकं | भित्तिका कायटीनची | शोषून | अळंबी |
| अनामिका | वनस्पती | भित्तिका सेल्युलोजची | बनवून | ऊस |
| करंगळी | प्राणी | भित्तिका नाही | गिळून | गांडूळ |

आता मुलीचं कुठं चुकलं बघा. तिनं जेवणाचा प्रश्न पहिला विचारला. जेवणावरून फोडायचं ते शेवटच्या तीन बोटांत. अंगठ्यात बनवून खाणारेही आहेत आणि दुसऱ्याचं खाणारेही. म्हणून तक्त्यात तिथं "सगळ्या तऱ्हा" लिहिलंय. निळं-हिरवं शेवाळ उन्हात अन्न करतं हे खरंच आहे, पण त्याच्या पेशीत केंद्रक नाही. ते पहिल्याच दारात अडलं, पुढच्या दारापर्यंत पोचतच नाही.

सदाशिवनगरची_अक्का

मास्तर, पोळ्या करता करता मी पंजा उघडून बघत होते, पीठ सांडलं. पण कळलं एकदम!

एक विचारू? इडलीचं पीठ फुगतं ते यीस्टनं ना? म्हणजे मधलं बोट?

संकेश्वर_लॅब

नाही अक्का, इडलीच्या पिठात मुख्य काम जिवाणूंचं असतं. ल्युकोनोस्टॉक नावाचे, उडदाच्या डाळीवरूनच येतात. यीस्ट थोडं सापडतं, पण पीठ वर येतं ते बहुतेक जिवाणूंच्या वायूमुळं. म्हणजे अंगठा. पावाला यीस्ट, इडलीला जिवाणू. (मायक्रोबायॉलॉजी केलंय, म्हणून तोंड उघडलो.)

मास्तर, तुमची बोटं चांगली आहेत, पण यीस्टचं काय? यीस्टला केंद्रक आहे आणि पेशी एकच. तुमच्या प्रश्नांनी गेलं तर सरळ तर्जनीवर जाऊन बसतं. त्या पोरीनं नेमकं तेच केलं आणि मार्क गेला.

जांबोटी_मास्तर

बरोबर पकडलंत. यीस्ट हा ह्या पंजाचा वाकडेपणा आहे, आणि तो मी वर्गात दुसऱ्या दिवशी सांगायचो, पहिल्या दिवशी नाही.

यीस्ट एकपेशीय असलं तरी त्याची सगळी भावकी बुरशीची. त्याच्या पेशीभित्तिकेत कायटीन आहे, खेकड्याच्या कवचात असतं तेच. ते साखर बाहेरून शोषून घेतं, आणि काही जातीची यीस्टं परिस्थितीनुसार धाग्यांसारखी वाढतातही. म्हणून व्हिटेकरनं पेशींची संख्या बाजूला ठेवून त्याला कवकांत घेतलं. मुलीला सांगा, मधल्या बोटावर नखाएवढं "यीस्ट" लिहून ठेव, अपवाद म्हणून. एकाच अपवादासाठी सगळा पंजा मोडायचा नाही.

निपाणीची_सून

आमच्याकडे तंबाखू. पानं चट्ट्यापट्ट्याची होतात, कुठं गडद कुठं फिकट, सासरे त्याला नुसता "रोग" म्हणतात. तो कुठल्या बोटावर?

संकेश्वर_लॅब

वहिनी, तुम्ही म्हणताय तो बहुतेक मोझॅक. तो कुठल्याच बोटावर नाही. तो विषाणू आहे, त्याला पेशीच नाही, म्हणून व्हिटेकरच्या पाचांत त्याला घर नाही.

गंमत म्हणजे जगात विषाणू पहिल्यांदा कळला तो तंबाखूवरच. 1892 साली इव्हानोव्स्की नावाच्या रशियन माणसानं रोगट पानाचा रस चिनीमातीच्या गाळणीतून काढला. जिवाणू अडकतील अशी ती गाळणी. तरी गाळलेला रस निरोगी पानाला लावल्यावर रोग आलाच. 1898 ला बायरिंकनं त्याला व्हायरस म्हटलं, आणि 1935 ला स्टॅनलीनं त्याचे मिठासारखे खडे करून दाखवले. जिवंत म्हणायचं की नाही हा वाद तिथून.

आणि कामाची गोष्ट: हा विषाणू वाळलेल्या पानातही टिकतो. बिडीचा तंबाखू हाताळून कुणी तसंच टोमॅटो-मिरचीची रोपं लावायला बसलं तर हातानंच लागण करतो. साबणानं हात धुऊन मगच रोपं धरा.

निपाणीची_सून

अगंबाई. परसातली मिरची दरवर्षी अशी का होते ते आता कळलं. निदान विचारायला तरी सुरुवात करते. आमच्याकडे सगळ्यांच्याच हाताला तंबाखू.

कपिलेश्वर_रोड

म्हणजे हिरवं ते सगळं वनस्पती नाही? मग शेवाळ म्हणायचं तरी कशाला? आमच्या विहिरीतलंही शेवाळ, कंपाउंडवरचंही शेवाळ, पावसात ज्याच्यावर माणूस घसरून पडतो तेही शेवाळ. मराठीत एकच शब्द आहे.

जांबोटी_मास्तर

हा खरा मुद्दा काढलात. भांडण शास्त्राचं नाही, शब्दाचं आहे. आपलं "शेवाळ" म्हणजे ओलं, हिरवं आणि निसरडं असेल ते सगळं. त्यात निदान दोन सृष्टी कोंबल्यात.

खानापूरवाल्यांनी मुलीला घेऊन तीन ठिकाणचं शेवाळ आणावं. विहिरीतलं केसांसारखं लांब. अंगणातल्या फरशीवर पाऊस लागला की जे काळपट-हिरव्या जेलीसारखं फुगतं ते, उन्हाळ्यात वाळून काळ्या कागदाच्या तुकड्यासारखं होतं आणि कुणाचं लक्षही जात नाही. आणि कंपाउंडच्या दगडावरची मखमल. कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली तिन्ही बघा, आणि आयोडीनचा एक थेंब टाकून परत बघा. काय दिसलं ते इथं लिहा, मी आधी सांगणार नाही.

अथणी_बागायतदार

माझा प्रश्न जरा वेगळा. द्राक्षाला डाऊनी आणि भुरी दोन्ही येतात. दोन्हीला लोक "बुरशी" म्हणतात. पण भुरीला गंधक चालतं, डाऊनीला चालत नाही. डाऊनीला मेटॅलॅक्झिल चालतं, ते भुरीला काहीच करत नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "दोन्ही मारा." दोन्ही बुरशीच असतील तर असं का?

संकेश्वर_लॅब

साहेब, तुमच्या फवाऱ्यानं वर्गीकरण बरोबर ओळखलं. भुरी ही खरी बुरशी, मधलं बोट. डाऊनी बुरशीसारखी दिसते, पण ती बुरशी नाही. तिच्या भित्तिकेत सेल्युलोज असतं, आणि पाण्यात पोहणारे शेपटीवाले बीजाणू सोडते. म्हणून तर पानावर ओल राहिली की एका रात्रीत पसरते. आजचे शास्त्रज्ञ तिला तपकिरी शैवाल आणि डायटमच्या भावकीत धरतात. जुन्या पुस्तकांत ती अजून कवकांतच आहे.

औषध वेगळं लागतं कारण जीव वेगळा आहे. दुकानदार "दोन्ही मारा" म्हणतो कारण त्याला दोन्ही विकायचंय. पान उलटं करून बघा: पांढरी लव फक्त खालच्या बाजूला आणि वर तेलकट पिवळा डाग असेल तर डाऊनी. वरच राखाडी पीठ आणि बोटानं पुसलं जात असेल तर भुरी.

अथणी_बागायतदार

पान उलटं करायला कुणी सांगितलंच नव्हतं आजवर. रविवारी बागेत जाऊन बघतो.

हार्डवेअरवाला_खानापूर

मास्तर, झालं! तीन औषधाच्या बाटल्या धुऊन घेतल्या, 1, 2, 3 नंबर टाकले. विहिरीचं शेजाऱ्यांकडून, जेलीवालं आमच्याच दुकानामागच्या फरशीवरून, मखमल शाळेच्या जुन्या भिंतीवरून. मुलीनं लॅबमध्ये लेक्चररांना सांगून तिन्ही बघितली. तिच्या वहीतून उतरवतो.

1 (विहीर): लांब धागे, आत एकेक खोली रांगेनं, आणि प्रत्येक खोलीत हिरवी फीत स्क्रूसारखी गोल फिरत गेलेली. हिरवा रंग फक्त त्या फितीत, बाकी खोली जवळजवळ रिकामी. आयोडीन टाकल्यावर फितीवर ओळीनं काळे-निळे ठिपके आले.

2 (फरशी): मण्यांच्या माळा, गुंता झालेल्या. रंग सगळ्या मण्यात सारखा पसरलेला, फीत नाही, दाणा नाही. मधेमधे एखादा मणी मोठा आणि फिका. आयोडीननं सगळं पिवळट-तपकिरी झालं, निळं काहीच नाही.

3 (भिंत): ह्याला मायक्रोस्कोप लागलाच नाही. भिंगानंच बारीक पानं दिसली, काहींच्या डोक्यावर काडीसारखा देठ आणि टोकाला इवलीशी कुपी.

तिचा निकाल: 1 आणि 3 अनामिका, 2 अंगठा. बरोबर?

जांबोटी_मास्तर

शंभर टक्के. पहिलं स्पायरोगायरा, दुसरं नॉस्टॉक, तिसरं मॉस.

आता कारण. हिरवं काम करण्यासाठी वनस्पतीच्या पेशीत वेगळी खोली असते, हरितलवक. स्पायरोगायराची ती फीत म्हणजे हरितलवकच. त्याच्यावरच्या ठिपक्यांभोवती स्टार्च साठतो, म्हणून आयोडीन निळं झालं. नॉस्टॉककडे खोल्याच नाहीत, ना केंद्रकाची ना हरितलवकाची. सगळा संसार एकाच दालनात, म्हणून रंग सगळीकडे सारखा, आणि साठवलेलं अन्न वनस्पतीच्या स्टार्चसारखं नसल्यामुळं निळंही नाही. ते मोठे फिके मणी हवेतला नायट्रोजन धरतात.

कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली "केंद्रक नाही" हे थेट दाखवता येत नाही, कारण न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. पण रंग खोलीत बांधलेला आहे की सांडलेला आहे, हे मूलही बघू शकतं. तिला सांगा, अंगठ्याच्या नखावर "रंग सांडलेला" लिही.

कपिलेश्वर_रोड

माझी माघार. पेपर परत नेऊ नका.

संकेश्वर_लॅब

मास्तरांबद्दल आदर आहे, पण एक सांगतोच. हा अख्खा पंजाच जुना झालाय. 1977 साली कार्ल वूज ह्यांनी दाखवलं, की ज्यांना आपण सरसकट अंगठ्यात घालतो त्यांच्यात दोन पूर्ण वेगळी कुळं आहेत. उकळत्या झऱ्यात, मिठागरात राहणारे काही जीव दह्यातल्या जिवाणूंपेक्षा आपल्याला जवळचे. 1990 पासून तीन मोठी क्षेत्रं मानतात. त्या हिशेबानं अंगठाच दोन हवेत.

आणि विहिरीतल्या हिरव्यावरही वाद आहे. लिन मार्गुलिस ह्या शास्त्रज्ञ बाईनं सगळी शैवालं उचलून प्रोटिस्टांच्या बाजूला नेली होती. म्हणजे बाटली नंबर 1 तिच्या तक्त्यात तर्जनीवर.

जांबोटी_मास्तर

मान्य. पण पोरगीला परीक्षा पाच गटांची द्यायचीय. दोन अंगठे तिनं बीएस्सीला लावावेत.

शैवालांचं मात्र मीही कधी पूर्ण मिटवू शकलो नाही. तिच्याच पुस्तकात बघा, एका धड्यात एकपेशीय क्लॅमिडोमोनस प्रोटिस्टात आहे आणि पुढच्याच धड्यात शैवाल म्हणून वनस्पतीत. दरवर्षी एक तरी मूल हात वर करायचं. मी म्हणायचो, "प्रश्न पाच सृष्टींचा असेल तर प्रोटिस्टा, शैवालांचा असेल तर वनस्पती." उत्तर नव्हतं ते, पळवाट होती.

सदाशिवनगरची_अक्का

मी पुन्हा स्वयंपाकघरातून. मसाल्याचा डबा उघडला आणि दगडफूल हाताला लागलं. फुलासारखं नाही, पानासारखं नाही. आमची आजी म्हणायची दगडाला आलेलं शेवाळच ते. मास्तर, हे कुठलं बोट?

जांबोटी_मास्तर

अक्का, ह्याला दोन बोटं लागतात. दगडफूल म्हणजे एक जीव नाहीच. बाहेरचा चामड्यासारखा भाग बुरशीचा, आणि तिच्या धाग्यांमध्ये हिरवी शैवालं कोंडलेली. शैवाल अन्न करतं, बुरशी त्यातलं शोषते आणि बदल्यात पाणी धरून ठेवते, निवारा देते. तुकडा ओला करून ब्लेडनं आडवा कापा, भिंगाखाली वरच्या राखाडी थराच्या लगेच खाली हिरवी रेघ दिसेल. मसाल्यातलं जुनं असेल तर ती फिकट पडलेली असते.

हार्डवेअरवाला_खानापूर

मुलगी मागं उभी राहून वाचतेय. विचारतेय, मधलं बोट तर ठरलं, पण त्यातलं शैवाल एकपेशीय असेल तर दुसरं बोट तर्जनी धरायचं की अनामिका?

संकेश्वर_लॅब

मास्तर, ही तुमची.

जांबोटी_मास्तर

उद्या सांगतो. आज लाईट गेलीय आणि मोबाईल चार टक्क्यांवर आलाय.

मोजकं_बोलतो

तक्त्याचा फोटो अजून आला नाही.